‘दोन उदाहरणांसह स्पष्ट करा’ : प्रश्न एक, वाचन दोन. गुण कसे द्यायचे?

कोरी_वही
मी नववीला विज्ञान शिकवते. सहामाहीच्या पेपरात मी काढलेला एक प्रश्न असा होता:

*प्रश्न ४. पदार्थाच्या तीन अवस्था दोन उदाहरणांसह स्पष्ट करा. (६ गुण)*

लिहिताना मला यात काहीच वावगं वाटलं नाही. ४२ उत्तरपत्रिका तपासायला बसले आणि दहाव्या पत्रिकेलाच थांबले. १९ मुलांनी प्रत्येक अवस्थेची दोन, म्हणजे एकूण सहा उदाहरणं दिली. १४ जणांनी सगळी मिळून दोनच दिली. पाच जणांनी एकेक करून तीन दिली. उरलेल्या चौघांनी उदाहरणं न देता कणांच्या आकृत्या काढल्या आणि पानभर लिहिलं.

माझ्या नमुना उत्तरात फक्त ‘प्रत्येक अवस्थेला २ गुण’ एवढंच आहे. दुसऱ्या तुकडीचे पेपर तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी प्रत्येक उदाहरणाला अर्धा गुण धरलाय. त्यामुळे तेच उत्तर माझ्याकडे ५ गुणांचं आणि त्यांच्याकडे साडेतीनचं ठरतंय. मला दोन गोष्टी हव्या आहेत. या पत्रिकांचं आता काय करू? आणि हा प्रश्न मुळात कसा लिहायला हवा होता?

खडू
प्रश्नात फारशी चूक दिसत नाही. ६ गुण लिहिलेत ना? म्हणजे सहा मुद्दे. गुण समोर असले की किती लिहायचं ते मुलांना कळतं. मी वर्गात हेच सांगतो, एक गुण म्हणजे एक मुद्दा. सहा उदाहरणं देणाऱ्यांनी बरोबर ओळखलं, बाकीच्यांनी लक्ष दिलं नाही.

तांबडी_शाई
खडू, तुमचं अर्धं बरोबर आहे. गुण पाहून मूल उत्तराची लांबी ठरवतं, आणि ठरवायलाच हवी. पण इथे सहा मुद्दे कशाचे? सहा उदाहरणांचे सहा, की तीन वर्णनं आणि तीन उदाहरणं मिळून सहा, की चार आणि दोन? तिन्ही हिशेब ६ वरच येतात. गुणांचा आकडा एकटा काही सांगत नाही, तो कोणत्या कामाला चिकटलाय ते दिसावं लागतं.

शिवाय ‘तीन अवस्था दोन उदाहरणांसह’ या शब्दांचे व्याकरणानेच दोन अर्थ होतात. त्या १४ मुलांनी लक्ष दिलं नाही असं म्हणता येणार नाही, त्यांनी वाक्य जसं आहे तसं वाचलं. ‘प्रत्येकी’ हा एक शब्द राहून गेला आणि वर्ग दुभंगला.

कोरी_वही, पुढचं बोलण्याआधी एक सांगा. हा प्रश्न लिहिताना तुम्हाला मुलाकडून नेमकं काय पाहायचं होतं? उदाहरणं?

कोरी_वही
नाही, उदाहरणं तर सातवीतली मुलंही देतात. कणांची मांडणी आणि पदार्थाचे गुणधर्म यांची सांगड घालता येते का, हे पाहायचं होतं. द्रव भांड्याचा आकार का घेतो, वायू दाबता का येतो, हे.

तांबडी_शाई
मग तुमचं मूळ दुखणं उदाहरणांच्या संख्येचं नाही. तुमच्या प्रश्नात ‘कण’ हा शब्दच नाही. ‘गुणधर्म’ नाही, ‘कारण’ नाही. मनातली सगळी अपेक्षा ‘स्पष्ट करा’ या दोन शब्दांत दडून बसली.

‘स्पष्ट करा’ म्हणजे व्याख्या द्या, वर्णन करा, कारण सांगा की आकृती काढा, हे मुलाने ताडायचं असतं. तुमचं शिकवणं मनापासून ऐकणारं मूल बरोबर ताडतं. परीक्षेच्या आठवड्याआधी आजारी असलेलं, किंवा दुसऱ्या तुकडीत दुसऱ्या शिक्षकांकडे शिकलेलं मूल ताडत नाही. तेव्हा मोजलं जातं ते विज्ञान नव्हे, तुमच्या सवयींची ओळख. त्या चार आकृतीवाल्यांना तुमच्या मनातलं सगळ्यात जास्त कळलं असणार, आणि छापील प्रश्न काटेकोर लावला तर सगळ्यात कमी गुण त्यांनाच मिळतील. बघा तपासून.

कोरी_वही
खरं आहे. ते चौघेही माझ्याच तुकडीतले, पुढच्या बाकांवरचे आहेत. सहकाऱ्यांच्या तुकडीत असं एकही उत्तर नाही.

पालक_एक
माझ्या मुलीलाही असेच कमी गुण मिळालेत. फेरतपासणीचा अर्ज किती दिवसांत करावा लागतो? आणि प्रश्न इतके सोपे करून दिले तर हुशार मुलांचं नुकसान नाही का होणार?

तांबडी_शाई
पालक_एक, अर्जाची मुदत तुमच्या परीक्षेच्या नियमांवर आहे, ती शाळेतच कळेल. दुसरा मुद्दा मात्र वेगळा करून पाहायला हवा. इथे प्रश्न सोपा करायचं चाललेलं नाही. काम काय करायचं ते उघड असावं, ते कसं करायचं हे मुलाने शोधावं. ‘तिसऱ्या मजल्यावर जा’ असं स्वच्छ सांगितल्याने चढण कमी होत नाही. ‘वर कुठेतरी जा’ म्हटलं की मात्र उत्तम चढणाराही चुकीच्या मजल्यावर पोचतो.

दीडशतक
मी गणिताचा. माझा अनुभव सांगतो, कारण त्यात शब्द सगळे स्वच्छ होते तरी घोळ झाला. ‘७ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा. (२ गुण)’. यात काय दोन अर्थ निघणार? पण काहींनी पायची किंमत २२/७ घेतली, उत्तर १५४ आलं. काहींनी ३.१४ घेतली, १५३.८६ आलं. नमुना उत्तरात फक्त १५४ होतं आणि एका तपासनिसाने १५३.८६ वाल्यांचा एक गुण कापला. प्रश्नाशेवटी ‘π = २२/७ घ्या’ एवढे शब्द असते तर वाद उरला नसता. तेव्हापासून मी प्रश्नाखाली तीन गोष्टी पाहतो: कोणती किंमत घ्यायची, उत्तर किती दशांश स्थळांपर्यंत, आणि एकक लिहिण्याला गुण आहे का.

आणखी एक. त्याच प्रश्नाचा पुढचा भाग क्षेत्रफळावर बेतलेला होता. पहिल्या भागात चुकलेलं मूल दुसऱ्यातही आपोआप चुकायचं, रीत बरोबर असूनही. आता मी पहिला भाग ‘क्षेत्रफळ १५४ चौ.सेमी येते हे दाखवा’ असा देतो. जमलं नाही तरी पुढे जायला आकडा हातात असतो.

खडू
‘दाखवा’ म्हटलं की मुलं उत्तरावरून उलटी पायऱ्या जुळवतात. मी पाहिलंय.

दीडशतक
जुळवतात. म्हणून तिथे गुण उत्तराला नाहीत, सूत्र लिहून किंमती भरण्याला आहेत. पण तुमची शंका रास्त आहे, प्रत्येक ठिकाणी ही युक्ती चालत नाही. जिथे ती चालत नाही तिथे तपासताना मुलाचा स्वतःचा चुकीचा आकडा पुढे धरून रीत तपासावी लागते. एका चुकीचे गुण एकदाच जावेत.

तांबडी_शाई
आता कोरी_वहींच्या प्रश्नाकडे परत येते. माझी रीत उलटी आहे. आधी नमुना उत्तर लिहायचं, प्रत्येक वाक्यापुढे एक गुण मांडायचा, आणि मग त्या वाक्यांनाच जन्म देईल असा प्रश्न शोधायचा. तुम्ही म्हणालात ते घेऊन लिहिते.

*प्रश्न ४.*
*(अ) खोलीच्या तापमानाला स्थायू, द्रव आणि वायू अवस्थेत असणाऱ्या प्रत्येकी एका पदार्थाचे नाव लिहा. (१ गुण)*
*(आ) पाणी ज्या भांड्यात ओतावे त्याचा आकार घेते, दगड घेत नाही. कणांच्या मांडणीच्या आधारे या फरकाचे कारण सांगा. (३ गुण)*
*(इ) वायू दाबून त्याचे आकारमान बरेच कमी करता येते, द्रवाचे जवळजवळ करता येत नाही. कणांमधील अंतराच्या आधारे कारण सांगा. (२ गुण)*

(आ)चे तीन गुण असे: दगडाचे कण ठरलेल्या जागी धरलेले असतात, १. पाण्याचे कण एकमेकांवरून सरकू शकतात, १. म्हणून पाणी भांड्याचा आकार घेते आणि दगड घेत नाही, १. (इ)चे दोन: वायूचे कण दूरदूर, मध्ये मोकळी जागा, १. द्रवाचे कण आधीच जवळजवळ, १.

(अ)मध्ये तिन्ही नावं बरोबर असतील तरच गुण. उदाहरणांना सहापैकी तीन-चार गुण देणं मला पटत नाही, कारण तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ते नववीचं काम नाही.

शेवटचा_बाक
मी शिक्षक नाही, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. एक विचारतो. (आ)चा तिसरा गुण ज्या वाक्याला आहे ते वाक्य तुम्ही प्रश्नातच दिलंय. मी परीक्षेत असतो तर ते परत लिहिलं नसतं, कारण प्रश्नात आहेच की. मग माझा एक गुण कशाला जायला हवा? आणि कोणी नुसतं प्रश्नातलं वाक्य उतरवलं तर त्याला एक गुण फुकट?

तांबडी_शाई
अगदी बरोबर पकडलंत, आणि चूक माझी आहे. तीन गुण आधी ठरवले आणि तिसरा भरायला वाक्य शोधलं. प्रश्नात दिलेल्या माहितीला गुण ठेवायचा नाही हा नियम मी स्वतः इतरांना सांगते. तो गुण एका खऱ्या मुद्द्याला द्यायला हवा. भाग असे करूया:

*(आ) पाणी ज्या भांड्यात ओतावे त्याचा आकार घेते, दगड घेत नाही. कणांच्या मांडणीच्या आधारे या फरकाचे कारण सांगा. (२ गुण)*
*(इ) पाणी दुसऱ्या भांड्यात ओतल्यावर आकार बदलतो, तरी आकारमान तेवढेच राहते. कणांमधील अंतराच्या आधारे याचे कारण सांगा. (१ गुण)*

वायूचा प्रश्न (ई) होईल, २ गुणांचा. बेरीज १, २, १, २ म्हणजे सहाच.

खडू
मान्य आहे की हे तपासायला सोपं. पण आता हा ‘तीन अवस्था’वरचा प्रश्न उरलाच नाही. सगळं तुकड्या-तुकड्यांत बांधून दिलं. मुलाने स्वतः काय महत्त्वाचं ते निवडावं, मांडणी करावी, हे कुठे तपासणार? ‘कणांच्या मांडणीच्या आधारे’ म्हणजे तर अर्धं उत्तर हातात ठेवलं.

पानाआड
मी भाषा शिकवते आणि इथे मला खडूंचं म्हणणं जवळचं वाटतं. कवितेवरच्या ५ गुणांच्या प्रश्नाचे पाच तुकडे केले तर उत्तर उरत नाही, रकाने उरतात. पण म्हणून ‘कवितेचे रसग्रहण करा’ एवढंच सोडून देणंही मला जमत नाही. मी मधला मार्ग धरलाय. प्रश्न एकच ठेवते, आणि खाली लिहिते: ‘उत्तरात कवितेचा आशय (२ गुण), तुम्हाला जाणवलेली दोन भाषिक वैशिष्ट्ये ओळींसह (२ गुण) आणि तुमचे मत कारणासह (१ गुण) यावे. क्रम तुमच्या इच्छेप्रमाणे.’ कोणती वैशिष्ट्यं निवडायची ते मुलाच्या हाती राहतं. गुण कुठे आहेत ते मात्र त्याला ठाऊक असतं.

तांबडी_शाई
पानाआड, ‘ओळींसह’ला जपा. दोन वैशिष्ट्यांना मिळून एक ओळ दिली तर? हा तर धाग्याच्या शीर्षकातलाच पेच झाला.

पानाआड
आलं लक्षात. ‘प्रत्येक वैशिष्ट्यासाठी कवितेतील एक ओळ द्या.’ आजच बदलते.

तांबडी_शाई
खडू, तुमच्या आक्षेपाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मांडणी तपासायची असेल तर तुकडे करू नयेत, पण मग ‘मांडणीला २ गुण’ असं छापावं. मला खटकतं ते एवढंच की आपण मांडणीला गुण देत नाही आणि तरी ती तपासतोय असं म्हणतो. ‘कणांच्या मांडणीच्या आधारे’बद्दल मात्र मी ठाम आहे. ते नसेल तर ‘दगड कठीण असतो म्हणून’ हेही खरं कारण आहे, आणि त्याला शून्य कोणत्या तोंडाने देणार?

शेवटचा_बाक
तयारीच्या सराव संचात पाहिलेली एक गोष्ट. ‘गरम पाण्यात साखर लवकर विरघळते का? (२)’. मी ‘हो’ लिहून पुढे गेलो. अपेक्षित होतं ‘लवकर का विरघळते’. ‘का’ची जागा बदलली की होय-नाहीचा प्रश्न होतो. दोन गुण पाहून मला संशय आला होता, पण संशयावर किती वेळ घालवणार?

दीडशतक
छान पकडलंय. मी अशा ठिकाणी ‘का’ टाळून ‘याचे कारण लिहा’ असंच लिहितो. दोन शब्द जास्त जातात, पण अर्थ एकच राहतो.

नवी_कोरी
मी पहिल्यांदाच पेपर काढणार आहे. आपणच लिहिलेलं वाक्य दोन अर्थांचं आहे हे आपल्याला कळतं कसं? मला तर माझं सगळं स्वच्छच वाटतं.

तांबडी_शाई
स्वतःला कळत नाहीच, कारण उत्तर डोक्यात ठेवूनच आपण प्रश्न वाचतो. मी दोन गोष्टी करते. पेपर दोन दिवस बाजूला ठेवून नमुना उत्तर न पाहता स्वतः सोडवते, घड्याळ लावून. दुसरी अधिक कामाची. विषय न शिकवणाऱ्या सहकाऱ्याला प्रश्न देते. उत्तर विचारत नाही, फक्त तीन गोष्टी विचारते: तुम्ही काय लिहाल, अशा किती गोष्टी लिहाल, आणि कुठे थांबाल? ‘किती’ला ते अडखळले की प्रश्न परत माझ्याकडे. कोरी_वहींचा प्रश्न या दुसऱ्या विचारण्यालाच अडला असता. अर्थात पेपर फुटण्याची जोखीम असते, म्हणून माणूस पेपर मंडळातलाच निवडावा.

परीक्षा झाल्यावर तपासायची एक खूणही सांगते. उत्तरं दोन वाटांनी गेलेली दिसली की दोन्ही वाटांवर कोण आहे ते पाहा. बाकी पेपर चांगला सोडवलेली मुलं दोन्हींकडे असतील तर दोष प्रश्नात. एका वाटेवर फक्त एरवीही अडखळणारी मुलं असतील, तर बहुधा तो धडा समजलेला नाही.

कोरी_वही
ही खूण लगेच लावून पाहिली. पेपरात पहिल्या आलेल्या दहा मुलांतली चार ‘एकूण दोन उदाहरणं’वाली आहेत, पाच सहावाली आणि एक आकृतीवाला. प्रश्न माझाच चुकलाय.

मग या पत्रिकांचं काय? सर्वांना पूर्ण गुण देऊ का?

तांबडी_शाई
नको. काही न लिहिलेल्यालाही ६ आणि पानभर लिहिणाऱ्यालाही ६, हा दुसरा अन्याय. तुम्ही आणि सहकारी एकत्र बसा. प्रत्येक अवस्थेला २ गुण ठेवा आणि ते फक्त वर्णनाला द्या, मग ते आकाराचं असो, कणांचं असो की आकृतीतलं. उदाहरणं किती आहेत ते मोजू नका. कमी म्हणून कापायचं नाही, जास्त म्हणून वाढवायचं नाही. मग दोघांनी त्याच दहा पत्रिका स्वतंत्र तपासा, आकडे उत्तरपत्रिकेवर न लिहिता. अर्ध्या गुणाहून जास्त फरक कुठे पडतो ते पाहा, त्यावर बोला, आणि मगच बाकीच्या घ्या. आधी तपासलेल्याही पुन्हा.

खडू
सहा उदाहरणं आठवून लिहिणाऱ्यांनी वेळ त्यात घालवला आणि वर्णन एकेका ओळीत उरकलं. त्यांनी प्रश्न चुकीचा वाचला नव्हता. आता उदाहरणांना शून्य म्हणजे त्यांच्यावरच अन्याय. मी असतो तर वर्णन एका ओळीचं असून दोन उदाहरणं बरोबर असतील तर त्या अवस्थेचे पूर्ण २ दिले असते.

दीडशतक
यात खडूंचं मला पटतं. छापील प्रश्नाने उदाहरणं मागितली होती, ती दिली तर त्याचं मोल असायला हवं.

तांबडी_शाई
मग ‘एकूण दोन’वाल्यांची तिसरी अवस्था उदाहरणाविना राहते आणि तिथे त्यांना जास्त लिहावं लागतं. कुठूनही गेलं तरी कोणाला तरी झळ बसते. मी माझ्या वाटेने गेले असते, पण तुमची चूक आहे असं म्हणणार नाही.

कोरी_वही
काल दोघं बसलो. खडूंची वाट घेतली, एका बदलाने: वर्णन पुरेसं असेल तर उदाहरण नसलं तरी २ गुण. दहा पत्रिकांत दोनच ठिकाणी आमच्यात फरक पडला, दोन्ही आकृत्यांच्या, कारण आकृतीला नावं दिलेली नव्हती. तिथे अजून आमचं एकमत नाही.

नवा प्रश्न वार्षिकला वापरणार आहे, पण लिहून काढताना आणखी एक दिसलं. (इ)चं उत्तर ‘पाण्याचे कण जवळजवळ असतात’ आणि (ई)चा दुसरा गुणही त्याच वाक्याला. एकाच गोष्टीला दोनदा गुण. म्हणून (ई)मधून द्रव काढला: *‘तोंड बंद केलेल्या सिरिंजमधील हवा दट्ट्याने दाबली की तिचे आकारमान कमी होते. कणांमधील अंतराच्या आधारे याचे कारण सांगा. (१ गुण)’*. प्रश्न आता ५ गुणांचा झाला. सुटलेला एक गुण त्याच पेपरातल्या घनतेच्या गणितात एकक लिहिण्याला दिलाय, आणि तो तिथे छापलाय.